पिनहोल: नको तो प्रकाश अडवणारं छिद्र

१९५५ साली हार्वर्डमध्ये मार्विन मिन्स्की नावाचा तरुण गणितज्ञ मेंदूतल्या पेशी एकमेकींना कशा जोडलेल्या आहेत, हे पाहायच्या खटपटीत होता. मेंदूत त्या इतक्या दाटीनं असतात, की नेहमीच्या सूक्ष्मदर्शकात हव्या त्या थराबरोबर त्याच्या वरखालच्या थरांचा प्रकाशही येतो आणि चित्र गढूळ होतं. मिन्स्कीनं ठरवलं, एका वेळी एकच बिंदू उजळायचा आणि त्याच बिंदूचा प्रकाश आत घ्यायचा. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक जन्मला तो असा.

आज दिव्याच्या जागी लेसर असतो. भिंग त्याला नमुन्यातल्या एका बिंदूवर एकवटतं. नमुन्याला दिलेला रंग तिथे चमकतो आणि तो प्रकाश त्याच भिंगातून परततो. प्रकाश मोजणाऱ्या यंत्राच्या आधी एक पडदा असतो आणि त्यात बारीक छिद्र. हेच पिनहोल. बिंदूची प्रतिमा जिथे उमटते, नेमकी तीच त्याची जागा. बिंदूचा प्रकाश छिद्राशी एकवटतो आणि पार होतो. त्याच्या खालून आलेला प्रकाश छिद्राआधीच एकवटून पुन्हा फाकतो, वरून आलेला छिद्रापर्यंत एकवटतच नाही. दोन्ही पडद्यावर पसरतात आणि अडतात.

किती अडतात? उत्तम तेल-भिंग घेतलं, तर बिंदूपासून ५ मायक्रॉन वर असलेल्या ठिपक्याचा प्रकाश छिद्राच्या तुलनेत इतका पसरतो, की हजारातला एक भागही आत जात नाही. मग बिंदू ओळीओळीनं सरकवत पूर्ण थर टिपायचा. त्याची जाडी जेमतेम एक मायक्रॉन भरते, सुरी न लावता घेतलेला हा काप. भिंग किंचित खाली नेलं की पुढचा काप.

छिद्र किती मोठं ठेवायचं, यात खरं कौशल्य आहे. बिंदूची प्रतिमाही एक छोटी तबकडीच असते. तिच्याएवढं छिद्र बहुधा योग्य ठरतं. ६३ पट मोठं करणाऱ्या उत्तम तेल-भिंगाला हिरव्या प्रकाशात पडद्याआधी आणखी वाढ नसेल, तर ते सुमारे २८ मायक्रॉन होतं. त्याहून लहान केलं, तर काप फारसा पातळ होत नाही, पण हवा तो प्रकाशही गळतो आणि चित्रात दाणे दिसू लागतात. मोठं केलं, की चित्र उजळतं आणि काप जाड होतो. उजळ चित्र पाहून नवखा माणूस खूश होतो, पण शेजारच्या थरातली पेशीही त्यात मिसळलेली असते. संशय आला, तर छिद्र लहान करून पाहावं: एखादी पेशी बाकीच्यांपेक्षा फार मंदावली, तर ती या थरातली नव्हे.

एक मर्यादा मात्र राहतेच. छिद्र परतणारा प्रकाश गाळतं, जाणारा लेसर नाही. एक काप टिपताना वरखालचे थरही उजळतात आणि त्यांचा रंग विटत जातो. म्हणून पन्नास काप घ्यायचे असतील, तर लेसर पहिल्यापासून मंद ठेवावा लागतो.