चाळीस हजार फोटोंचा एकच फोल्डर

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघ मोजायचे असतात तेव्हा जंगलवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे सारखे नसतात, म्हणून दोन्ही बाजूंचा फोटो लागतो. कॅमेऱ्याला मात्र वाघ कळत नाही. चितळ गेलं, गुरं गेली, उन्हात तापलेलं गवत वाऱ्यानं हललं, तरी तो फोटो काढतो. २०१८ च्या देशव्यापी गणनेत असे सुमारे ३ कोटी ४८ लाख फोटो जमले आणि त्यांत वाघाचे होते ७६,६५१. साडेचारशे फोटो पाहावेत तेव्हा एक वाघाचा, असं हे काम आहे.

आता उमरेडकडच्या भागापुरता हिशेब करू. समजा ४० ठिकाणी मिळून ८० कॅमेरे लावले आणि प्रत्येकानं महिनाभरात ५०० फोटो काढले. झाले ४०,०००. कार्डं आली, लॅपटॉपला लावली आणि सगळं एकाच फोल्डरमध्ये ओतलं. दुसऱ्या दिवशी तो फोल्डर उघडायला गेलं की पांढरी खिडकी दिसते, वरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकते. लॅपटॉप जुना झाला, असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा दोष लॅपटॉपचा नसतो.

फोल्डर म्हणजे मुळात नावांची यादी. विंडोजच्या डिस्कवर ती वर्णानुक्रमे लावलेली असते. मतदार यादीत एक नाव शोधायला वेळ लागत नाही. पण यादीतल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन जन्मतारीख विचारायची ठरवली, तर दिवस जातील. फोल्डर उघडणारी खिडकी हेच दुसरं काम करत असते. आत फोटो आहेत असं दिसलं की ती फोटो काढल्याची तारीख विचारते, लहान चित्र तयार करते. तारीख नावांच्या यादीत नसते, फोटोच्या फाइलीच्या आत असते. म्हणजे फाइल उघडणं आलं. तारखेप्रमाणे क्रम लावलेला असेल, तर सगळ्या फाइली उघडून झाल्याशिवाय पहिला फोटो कुठला हेच ठरत नाही. शिवाय उघडलेली प्रत्येक फाइल अँटीव्हायरसही तपासतो.

फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला एका फाइलीपर्यंत पोचायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. एकासाठी हे काहीच नाही. ४०,००० फाइलींना ४०० सेकंद, जवळपास ७ मिनिटं. एसएसडीमध्ये तबकडी नसते, तिथे हाच वेळ पुष्कळ कमी होतो. डिस्क दुसऱ्या खोलीतल्या संगणकावर असेल आणि मध्ये वाय-फाय असेल, तर तो वाढतो.

दोष यादीचा की खिडकीचा, हे तपासता येतं. फोल्डरच्या वरच्या पत्त्याच्या पट्टीत cmd लिहून एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल. तिच्यात ही ओळ द्या:

```
dir /b > yadi.txt
```

ही आज्ञा फक्त नावं काढते, फाइली उघडत नाही. ती काही सेकंदांत संपली आणि खिडकी मात्र मिनिटं घेत असेल, तर डिस्क ठीक आहे. ही चाचणी संगणक नुकताच सुरू केल्यावर करा. एकदा वाचलेलं काही काळ स्मरणात राहतं, त्यामुळे दुसऱ्या वेळी सगळंच झटपट वाटतं.

खिडकीचा दोष निघाला तर इलाज सोपा. फोल्डरवर उजवं बटण दाबून Properties, तिथे Customize, आणि Optimize this folder for या ओळीत Pictures च्या जागी General items निवडा. मग चित्रांऐवजी Details ची मांडणी ठेवा आणि क्रम नावाप्रमाणे लावा. फोटो जागचा हलवलेला नाही, तरी फरक लगेच दिसतो.

कार्ड आणि पेनड्राइव्ह यांची गोष्ट वेगळी. त्यांवर बहुधा एफएटी-३२ पद्धत असते आणि तिथली यादी वर्णानुक्रमे नसते. एक नाव शोधायलाही पहिल्यापासून वाचत जावं लागतं. एका फोल्डरच्या यादीत ६५,५३६ घरं असतात, त्याहून जास्त नाहीत. लांब नाव एकापेक्षा जास्त घरं घेतं, दर १३ अक्षरांना एक घर आणि वर आणखी एक. तीस अक्षरांचं नाव चार घरं खातं, म्हणजे असे १६,००० फोटो झाले की जागा शिल्लक असूनही ‘आता मावत नाही’ असा निरोप येतो. कार्ड बिघडलं समजून लोक ते टाकून देतात. त्यातून फाइली पुसल्या तरी घरं रिकामी पडून राहतात, यादी तेवढीच लांब वाचली जाते. म्हणून तिथे नवा फोल्डर करून जुना काढून टाकणं बरं.

मांडणीचा धडा खुद्द कॅमेऱ्यानंच घालून दिलेला आहे. डिजिटल कॅमेऱ्यांच्या ठरलेल्या नियमानुसार फाइलीचा क्रमांक चार अंकी असतो. ९,९९९ झाले की पुढचा फोल्डर सुरू होतो. पण त्याच चार अंकांमुळे ऐंशी कार्डांत ऐंशी IMG_0001 असतात. एकत्र ओतले की संगणक एकतर जुना फोटो पुसू का विचारतो, नाहीतर नावापुढे कंसात आकडा लावतो. मग तो फोटो कुठल्या नाल्यावरचा, हे नावावरून कळत नाही. संथपणापेक्षा हे नुकसान मला मोठं वाटतं, कारण जागा हरवलेला वाघाचा फोटो गणनेला निम्मादेखील उपयोगाचा नाही.

म्हणून एका वेळी एक कार्ड, आणि एका कार्डाला एक फोल्डर. आधी महिना, मग ठिकाण, मग कॅमेरा, आणि फाइलीच्या नावात तेच पुन्हा:

```
2025-01\K07\A\K07_A_20250114_053210_1.JPG
```

वर्ष पुढे लिहिलं की नावाचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो, आणि फाइल न उघडता वेळ कळते. शेवटचा आकडा हवाच. कॅमेरा एका सेकंदात दोन-तीन फोटो काढतो. ८० फोल्डरांत प्रत्येकी ५०० फोटो, कुठलाही चटकन उघडतो. वाघ, बिबट, अस्वल असे फोल्डर सुरुवातीलाच करू नका. एकाच फोटोत चितळ आणि कोल्हा असला तर तो ठेवायचा कुठे? प्राण्यांची नोंद तक्त्यात करा, फोटो आपल्या ठिकाणीच राहू द्या. फार खोलही जाऊ नका, विंडोजमध्ये पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला की पुष्कळ प्रोग्रॅम अडतात.

आधीच एकत्र झालेला ढीग सोडवायचा असेल तर फोटोच्या तळाची पट्टी पाहा. बऱ्याच कॅमेऱ्यांत तिथे तारीख, तापमान आणि कॅमेऱ्याला दिलेलं नाव उमटतं. नाव दिलेलं नसेल, तर कॅमेरा बांधताना पाटीवर ठिकाणाचा क्रमांक आणि घड्याळातली वेळ लिहून पहिला फोटो त्या पाटीचा घेण्याची पद्धत आहे; तो सापडला तर कॅमेऱ्याचं घड्याळ किती चुकलं होतं हेही कळतं. त्याच डिस्कवर एका फोल्डरातून दुसऱ्यात फाइली हलवताना कट-पेस्ट वापरा. फोटो जागचा हलत नाही, फक्त यादीतली नोंद बदलते, म्हणून ५०० फाइली क्षणात जातात. दुसऱ्या डिस्कवर नेताना मात्र अक्षरन् अक्षर नव्यानं लिहिलं जातं. तिथे आधी कॉपी करा, दोन्हीकडची फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळवा, दुसरी प्रत काढा, आणि मगच कार्ड कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट करा.