जुलाबाचं सूचनापत्र बैठकीत कसं सांगायचं
(प्रभागसंघाच्या बैठकीत सखींसमोर केलेलं बोलणं)



पावसाळा लागला की आरोग्य विभागाचं सूचनापत्र आपल्याकडे येतं. त्यात साधारण असं वाक्य असतं: "बालकास अतिसार झाल्यास ओआरएस व झिंकचे सेवन करावे आणि निर्जलीकरणाची लक्षणे आढळल्यास नजीकच्या आरोग्य केंद्राशी संपर्क साधावा." हे जसंच्या तसं वाचून दाखवलं तर माना हलतात, पण घरी काहीच पोचत नाही. म्हणून आज हे एकच वाक्य आपण आपल्या बोलीत आणू या.

आधी 'अतिसार'. कुणी जुलाब म्हणतं, कुणी हगवण, कुणी ढाळ. तुमच्या गावात जो शब्द चालतो तोच घ्या, लाजू नका. आणि नेमकं सांगा: दिवसभरात तीन किंवा जास्त वेळा पाण्यासारखी पातळ संडास झाली तर तो जुलाब. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी तशीही पातळच असते, तिथे नेहमीपेक्षा जास्त वेळा आणि जास्त पातळ होतेय का ते बघायचं. "दात येताना होतंच" असं एखादी आजी म्हणेलच. तिच्याशी वाद घालू नका. "दात येऊ द्या, पण अंगातलं पाणी जातंय ते भरून काढायलाच हवं," एवढं म्हणा.

आता ओआरएस. सूचनापत्र काय द्यायचं ते सांगतं, पण आईच्या मनातला प्रश्न तसाच राहतो. तिला वाटतं, पुडी दिली की जुलाब थांबायला पाहिजे. ते दुसऱ्या दिवशीही चालूच असतात, मग ती पुडी बंद करते आणि सुई टोचून घ्यायला निघते. म्हणून हे आधीच सांगा: ही पुडी जुलाब थांबवत नाही. माठाला भोक पडलं, तर ते बुजेपर्यंत आपण वरून पाणी ओतत राहतो ना, तसंच. जुलाब काही दिवसांत थांबतात, तोवर लेकराचा माठ रिकामा होता कामा नये.

सोपं करायचं म्हणून माप मात्र सोडायचं नाही. मोठी पुडी अख्खी, एक लिटर पाण्यात. "तांब्याभर" म्हणू नका, प्रत्येक घरचा तांब्या वेगळा. बाजारातली एक लिटरची पाण्याची बाटली बैठकीत घेऊन जा आणि सगळ्यांसमोर कालवून दाखवा. पाणी कमी पडलं तर ते फार खारट होतं आणि लेकराला अपाय होतो. जास्त पडलं तर उपयोग कमी. दुकानात 200 मिलीची छोटी पुडीही मिळते, ती ग्लासभर पाण्यासाठी असते. म्हणून पुडीवर छापलेलं माप आधी वाचायचं, वाचता येत नसेल तर आशाताईला दाखवायचं. पाणी उकळून गार केलेलं असावं, वरून साखर-मीठ घालायचं नाही. आज सकाळी केलेलं उद्या सकाळी ओतून द्यायचं. आणि चमच्याने, घोट घोट पाजायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी हळू. अंगावरचं दूध आणि जेवण चालूच ठेवायचं.

झिंकच्या गोळीत सगळ्यात जास्त गडबड होते. जुलाब थांबले की गोळी बंद केली जाते, पण ती 14 दिवस द्यायची असते, कारण पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब होण्याची शक्यता त्याने कमी होते. '14 दिवस' ऐकताना कळतं, पण मोजताना चुकतं. मी असं सांगते: मंगळवारी सुरू केली तर मंगळवार पुन्हा दोनदा येईपर्यंत रोज एक, दुसरा मंगळवार उजाडला की बंद. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला 20 मिलिग्रॅमची अर्धी गोळी, सहा महिन्यांच्या पुढे पाच वर्षांपर्यंत अख्खी. चमच्यात पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळ असेल तर घरी काही ठरवू नका, लगेच दवाखाना.

'निर्जलीकरण' हा शब्द सोडूनच द्या. खुणा सांगा: डोळे खोल गेलेत, लेकरू मलूल आहे, पाजलं तरी पीत नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसते. यातलं काही दिसलं, किंवा संडासमधून रक्त पडलं, तर सकाळची वाट बघायची नाही. वाटेतही चमच्याने पाजत जायचं. ते पीतच नसेल किंवा जागं होत नसेल तर मात्र जबरदस्तीने तोंडात ओतायचं नाही.

शेवटी "समजलं का?" असं विचारू नका, सगळ्या "हो" म्हणतात. एखादीला म्हणा, "मावशी, हे घरी सुनेला कसं सांगाल, सांगा बरं." ती "पुडी ग्लासात टाकायची" म्हणाली, तर बाटली पुन्हा हातात घ्या.