रस्ता 2030 ला परत द्यायचाय, मग टर्मिनल व्हॅल्यू कुठून आली?

मागच्या भागात डिस्काउंट रेटवर बोललो होतो. त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की रिपोर्टमध्ये जो शेवटचा भलामोठा आकडा असतो, टर्मिनल व्हॅल्यू, तो येतो कुठून? आज त्यावरच बोलू. आणि उदाहरण घेऊ आपल्या दारातलं. मी राहतो पवनानगरला. ऑफिस हिंजवडीत. कामशेतला उतरलं की जुना हायवे लागतो, आणि त्याच्या जवळूनच मुंबई-पुणे एक्सप्रेसवे जातो. उर्से टोलनाक्यावर रांगेत उभं राहून आपण जे पैसे देतो, ते ज्या लिस्टेड कंपनीकडे जातात ती म्हणजे आयआरबी इन्फ्रास्ट्रक्चर.

विषय निघाला माझ्या मामेभावामुळे. त्याचे रिटायरमेंटचे पैसे आलेत, आणि त्याला कुणीतरी ग्रुपवर एका रस्त्याच्या कंपनीची डीसीएफ एक्सेल शीट पाठवली. भाव दुप्पट होणार असं त्यात लिहिलेलं. तो म्हणाला, "तू इंजिनिअर आहेस ना, जरा बघ." कुठली कंपनी, कुणाची शीट, ते सांगत नाही. पण त्या शीटमध्ये एकूण किमतीतला तीन चतुर्थांश भाग एकाच सेलमधून येत होता. त्या सेलची गोष्ट सांगतो. (मी सेबीकडे नोंदणी केलेला सल्लागार नाही, आणि आयआरबीचा एकही शेअर माझ्याकडे नाही. घ्या किंवा विका असं मी काही सांगणार नाही.)

आधी खरी माहिती. एक्सप्रेसवेचा टोल वसूल करायचा हक्क 2004 मध्ये एमएसआरडीसीने आयआरबीच्या कंपनीला दिला. 15 वर्षांसाठी, आणि त्यासाठी कंपनीने आगाऊ 918 कोटी रुपये मोजले. तो करार 2019 मध्ये संपला. मग पुन्हा निविदा निघाली, आणि 2020 मध्ये तोच हक्क आयआरबीनेच पुन्हा घेतला. या वेळी मुदत 10 वर्षं 2 महिने, म्हणजे 1 मार्च 2020 ते 30 एप्रिल 2030. आणि किंमत? 8,262 कोटी. त्यातले 6,500 कोटी सुरुवातीला, मग दोन वर्षं 850-850 कोटी, आणि शेवटी 62 कोटी. भागाकार करून बघा, 8,262 म्हणजे 918 च्या बरोबर नऊपट. हा नऊपटीचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता फ्री कॅश फ्लोचा अंदाज कसा बांधायचा ते बघू. आयआरबीचे खरे आकडे इथे घेत नाही, कारण मग आपण आकड्यांत अडकू. समजा एक रस्ता आहे, कराराची पाच वर्षं उरलीत, आणि पहिल्या वर्षी टोल 100 कोटी जमतो.

टोलच्या उत्पन्नात दोन गोष्टी असतात: गाड्या किती आणि दर किती. गाड्या समजा वर्षाला 4 टक्क्यांनी वाढतात. दर मात्र दरवर्षी थोडा थोडा वाढत नाही, तो पायरीसारखा चढतो. एक्सप्रेसवेवर नियम असा की वर्षाला 6 टक्के धरायचे, पण वाढ तीन वर्षांनी एकदम 18 टक्के करायची. म्हणून एप्रिल 2023 मध्ये कारचा टोल 270 वरून थेट 320 झाला. शीटमध्ये कुणी "दरवर्षी 10 टक्के" असं सरळ ओढलं असेल, तर त्याने करार वाचलेला नाही हे तिथेच कळतं. आपल्या उदाहरणात पायरी तिसऱ्या वर्षी धरू. मग उत्पन्न होतं 100, 104, 128, 133 आणि 138 कोटी.

यातून रस्त्याची रोजची देखभाल, माणसं, वीज, गस्तीच्या गाड्या हा खर्च गेला. टॅक्स गेला. आणि एक खर्च जो नवख्याच्या शीटमध्ये हमखास नसतो: काही वर्षांनी संपूर्ण डांबरीकरण नव्याने करावं लागतं. तो दरवर्षी येत नाही, एकदाच येतो आणि मोठा येतो. समजा तो चौथ्या वर्षी 30 कोटी आहे. सगळं वजा केलं की हातात उरणारी रोकड साधारण अशी: 60, 63, 80, 55, 87. चौथ्या वर्षी आकडा खाली पडला, तो पडायलाच हवा. ज्या शीटमध्ये रस्त्याच्या कंपनीची रोकड पाच वर्षं सरळ रेषेत वर जाते, तिथे डांबर कुणीतरी विसरलंय.

12 टक्क्यांनी या पाच आकड्यांची आजची किंमत काढली तर येते 245 कोटी.

इथपर्यंत ठीक. आता ती टेम्प्लेट काय करते ते बघा. पाचव्या वर्षानंतर ती हे सूत्र लावते:

```
TV = FCF5 × (1 + g) / (r − g)
   = 87 × 1.05 / (0.12 − 0.05)
   = 1305
```

`g` म्हणजे पाचव्या वर्षानंतर रोकड कायम किती टक्क्यांनी वाढत राहील, `r` म्हणजे डिस्काउंट रेट. 1,305 कोटी पाचव्या वर्षाच्या शेवटी, म्हणजे आज 740 कोटी. त्यात आधीचे 245 मिळवले की एकूण 985. तीन चतुर्थांश किंमत त्या एका सेलची. आणि तो सेल किती नाजूक आहे बघा: `g` 5 ऐवजी 4 टक्के टाकलं तर 740 चे 642 होतात, 6 टाकलं तर 872. एका टक्क्याच्या बदलात, आपण डोकं खाजवून काढलेल्या कुठल्याही एका वर्षाच्या रोकडीपेक्षा जास्त पैसे इकडचे तिकडे होतात.

पण `g` किती धरायचं ही नंतरची भानगड. मुळात या सूत्राचा अर्थ आहे "कायम". आणि हा रस्ता कायम कंपनीचा नाहीच. मुदत संपली की चावी सरकारला परत. सहाव्या वर्षाचा टोल कंपनीच्या खात्यात येणार नाही. म्हणजे या रस्त्याची टर्मिनल व्हॅल्यू शून्य, आणि खरी किंमत 245 कोटी. 985 नाही.

आकुर्डीच्या बजाज ऑटोसारखी कंपनी घेतली तर गोष्ट वेगळी. कारखाना, ब्रँड, डीलर हे कुणाला तारखेला परत द्यायचे नसतात. तिथे हे सूत्र लावणं रास्त आहे, `g` जपून धरलं तर. सूत्र चुकीचं नाही, ते चुकीच्या ठिकाणी ओढून आणलं जातं.

यावर मामेभाऊ जे म्हणाला ते बरोबर होतं. म्हणाला, "अरे पण 2019 ला संपला तेव्हा त्यांनाच परत मिळाला की! पुढेही मिळेल." मिळू शकतो. 2023 मध्ये आयआरबीने हैदराबादच्या बाहेरच्या रिंग रोडचा हक्कही घेतला, 30 वर्षांसाठी, 7,380 कोटींना. कंपनी नवे रस्ते घेतच राहते. पण आता तो नऊपटीचा आकडा आठवा. नूतनीकरण फुकट झालं नाही. 15 वर्षांच्या हक्काला 918, आणि त्याहून छोट्या मुदतीला 8,262 कोटी. गाड्या वाढल्या, दर वाढले, महागाईही झाली, आणि त्यातली बरीचशी वाढ सरकारने निविदेतून आधीच वसूल केली. चुरशीच्या लिलावात असंच होतं: बोली लावणारे सगळे जण हीच डीसीएफ करत असतात, आणि जिंकणारा साधारण तेवढीच किंमत मोजतो जेवढी पुढची रोकड आज लायकीची आहे. म्हणजे पुढचा करार मिळाला तरी त्यातून येणारी जादा किंमत शून्याच्या आसपास. फार जोरात बोली लावली, तर शून्याच्याही खाली.

त्या शीटमध्ये हे कसं लपलं होतं, तो भाग मला सगळ्यात भारी वाटला. फ्री कॅश फ्लो काढताना नफ्यात घसारा परत मिळवतात, कारण घसाऱ्याचे पैसे खिशातून जात नाहीत. रस्त्याच्या कंपनीत घसाऱ्याच्या जागी अमॉर्टायझेशन असतं: आगाऊ दिलेली रक्कम कराराच्या वर्षांवर थोडी थोडी खर्ची टाकतात. पाच वर्षांच्या आत ते परत मिळवणं बरोबर, कारण पैसे आधीच देऊन झालेत. पण तोच मिळवलेला आकडा कायमच्या सूत्रात गेला, की अर्थ असा होतो की कंपनी रस्ता वापरत राहील आणि पुढच्या कराराचे पैसे कधीच देणार नाही. म्हणून शीट आली की शेवटच्या वर्षाच्या रकान्यात घसारा आणि भांडवली खर्च शेजारी ठेवून बघा. घसारा मोठा, भांडवली खर्च नगण्य, आणि पुढे "कायम"? मग ती शीट बाजूला ठेवा.

मग अशा कंपनीचं व्हॅल्युएशन करायचं कसं? प्रत्येक रस्ता वेगळ्या टॅबमध्ये. प्रत्येकाची शेवटची तारीख वार्षिक अहवालातून किंवा करारातून उचलायची, आणि त्या तारखेला रकाना संपवायचा. 2030-31 च्या आर्थिक वर्षात तर फक्त एप्रिल महिना येतो, पूर्ण वर्ष धरायचं नाही. तारीख कधीकधी सरकतेही, कारण करारांमध्ये टोल बंद राहिल्याच्या बदल्यात मुदतवाढीची तरतूद असू शकते. सरकार अचानक सूट देतं तेव्हाही हाच प्रश्न. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. असं आपल्या रस्त्यावर झालं तर कंपनीला भरपाई पैशात मिळते की मुदतीत, हे करारात वाचायचं आणि शीटमध्ये तसंच मांडायचं. मुदतवाढ शेवटाला मिळते, आणि शेवटचा रुपया आज सगळ्यात स्वस्त असतो.

रस्ते बांधायचा धंदा मात्र वेगळा टॅब. ठेके मिळत राहतील असं मानून तिथे टर्मिनल व्हॅल्यू लावता येते, पण वाढीसोबत भांडवल वाढतं हे धरून. नवीन भांडवलावरचा परतावा डिस्काउंट रेटएवढाच असेल, तर `g` काहीही टाका, किंमत हलत नाही. सगळे टॅब बेरीज करायचे, त्यातून कर्ज वजा करायचं, मग शेअर्सच्या संख्येने भागायचं. कर्जाकडे इथे विशेष लक्ष, कारण आगाऊ रकमेचा मोठा भाग बँकांकडून आलेला असतो. रस्त्याची किंमत 985 वरून 245 वर आली तरी कर्ज काही कमी होत नाही. समजा ते 150 कोटी आहे. शीटनुसार भागधारकांचे 835, खरे 95.

मामेभावाच्या शीटमध्ये मी फक्त दोन बदल केले: टर्मिनल व्हॅल्यूच्या सेलमध्ये शून्य, आणि एका वर्षात डांबर. तो स्क्रीनकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मग उरलेल्या पैशांची एफडीच करतो का?" ते त्याने ठरवावं. शीट त्याला परत पाठवली, कराराची शेवटची तारीख पिवळ्या रंगात करून.