खेळातील चलन : हौदाचे नळ आणि मोऱ्या

संगणकावरील खेळ तयार करणाऱ्यांमध्ये बंगळुरू शहराला स्थान आहे. ‘फार्मव्हिल’ हा शेतीचा खेळ काढणाऱ्या झिंगा या अमेरिकन कंपनीने २०१० साली अमेरिकेबाहेरील आपली पहिली कचेरी याच शहरात उघडली. अशा खेळांच्या कर्त्यांपुढे जो प्रश्न हटकून उभा राहतो, तो शाळेतील हौदाच्या गणितासारखा आहे. हौदात नळातून पाणी येते आणि मोरीतून जाते. येणारे अधिक असेल, तर हौद केव्हा तरी भरून वाहू लागणारच.

खेळातील नाण्यांचे असेच असते. राक्षस मारल्यावर किंवा पीक कापल्यावर खेळाडूला जी नाणी मिळतात, ती कोणाच्या खिशातून येत नाहीत. ती त्या क्षणी निर्माण होतात. हा नळ होय. दुरुस्ती, प्रवेशमूल्य, बाजारकर यांत दिलेली नाणी कायमची नाहीशी होतात. ही मोरी होय. एका खेळाडूने दुसऱ्याला दिलेले पैसे मात्र हौदातच राहतात. पुष्कळ व्यवहार होत असल्यामुळे नाणी खर्च होत आहेत असे वाटते, ते येथेच फसवे ठरते.

आधिक्याची लक्षणे दोन प्रकारची असतात. किमती कर्त्यानेच ठरविलेल्या असतील, तर त्या वाढत नाहीत. परंतु जुन्या खेळाडूजवळ घेण्याजोगे काही उरत नाही आणि बक्षिसाचा मोह संपतो. खेळाडू आपसांत व्यापार करीत असतील, तर किमती चढतात व त्याची झळ नवख्याला लागते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. दहा हजार खेळाडूंच्या खेळात ९ कोटी नाणी आहेत. दररोज ४० लाख निर्माण होतात आणि २५ लाख नाहीशी होतात. शिल्लक १५ लाख. म्हणजे साठ दिवसांत साठा दुप्पट. विक्रीचा माल तेवढाच राहिला, तर हजार नाण्यांची तलवार सुमारे दोन हजारांवर जाईल. रोज चारशे नाणी मिळविणाऱ्या नवख्याला ती पूर्वी अडीच दिवसांत मिळे. आता पाच दिवस लागतील.

सर्वांवर रोज १५० नाण्यांची सरसकट पट्टी बसविली, तर हिशेब जुळेल. परंतु लक्षाधीशाला ती जाणवणार नाही व नवखा खेळ सोडून जाईल. म्हणून मोरी संपत्तीच्या प्रमाणात असावी लागते. रोज ६० लाखांची विक्री होत असेल, तर शेकडा पाच बाजारकराने ३ लाख जातील. दुरुस्तीचा खर्च शस्त्राच्या किमतीनुसार ठेवल्यास आणखी ३ लाख जातील. उरलेल्या ९ लाखांपैकी ८ लाख नळ मंद करून रोखता येतील : दिवसातील ठराविक विजयांपर्यंत पूर्ण बक्षीस द्यावे, पुढे निम्मे. रात्रंदिवस खेळणाऱ्याचाच ओघ त्यामुळे आटतो. शेवटचे लाखभर राहू द्यावे, कारण नव्या येणाऱ्यांनाही नाणी लागतात.

आइसलँडमधील सीसीपी कंपनीचा ‘ईव्ह ऑनलाइन’ हा २००३ सालचा अंतराळ-खेळ या बाबतीत उद्बोधक आहे. त्यात चाच्यांची जहाजे मारल्याबद्दल मिळणारे इनाम हा एक मोठा नळ असून, विक्रीकर व दलाली या मोठ्या मोऱ्या आहेत. कंपनी यांचा मासिक ताळेबंद प्रसिद्ध करते. २०१९ साली तिने विक्रीकर वाढविला. २०२० साली इनामाच्या दराला चढउतार लावला : एखाद्या प्रदेशात खेळाडू निर्धास्तपणे चाचे मारीत राहिले, की तेथील इनाम घटते, खेळाडूंची जहाजे तेथे नष्ट होऊ लागली, की ते वाढते. सुरक्षित कमाईचा नळ अशा रीतीने आपोआप मंदावतो.

या उपायांनाही मर्यादा आहेत. कर फार वाढल्यास व्यापारी बाजाराबाहेर हातोहात देवघेव करू लागतात आणि मोरी कोरडी पडते. नळ एकाएकी आवळल्यास ज्यांनी आधीच साठा केला आहे, त्यांचेच वर्चस्व पक्के होते. कारण नव्याला तशी कमाई पुन्हा शक्य नसते. म्हणून जुन्या साठ्याला ओढून घेणारी मोरी आधी उघडावी, नळ त्यानंतर थोडाथोडा आवळावा.

उपाय लागू पडला की नाही, हे एकूण नाण्यांवरून कळत नाही; खेळ सोडून गेलेल्यांची नाणीही त्यात मोजली जातात. नित्य लागणाऱ्या दहा-बारा वस्तूंच्या किमती आणि पहिली चांगली तलवार घेण्यास नवख्याला लागणारे दिवस, ही दोन मापे दर आठवड्याला पाहावीत. पाच दिवसांवर गेलेला तो काळ पुन्हा अडीच दिवसांकडे येऊ लागला, की हौदाची पातळी स्थिरावली असे समजावे.