संपलेल्या साठ्यामागची मागणी



वर्षाचे औषधांचे मागणीपत्र भरण्याचे दिवस जवळ आले आहेत, म्हणून आज त्यातल्या एकाच रकान्याबद्दल बोलतो. तो रकाना म्हणजे मागील वापर. पुढच्या वर्षीचा अंदाज आपण औषधनिर्माण अधिकारी त्यावर बांधतो. पण औषध संपलेले असते तेव्हा वापर शून्य दिसतो, आणि रुग्ण मात्र येतच असतात. वापराचा आकडा मागणी आणि साठा यांपैकी जे कमी असेल ते सांगतो. साठा संपला त्या दिवसाची नोंद एवढेच सिद्ध करते की मागणी निदान इतकी तरी होती.

एका प्राथमिक आरोग्य केंद्राचे उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते धरले आहेत. जानेवारी ते जून या सहा महिन्यांत ओआरएसची 1,200 पाकिटे वाटली गेली. सरळ सरासरी काढली तर महिन्याला 200. पण साठा नोंदवही उघडली की कळते, मे आणि जूनचे 61 दिवस शिल्लक शून्य होती. म्हणजे 1,200 पाकिटे चारच महिन्यांत गेली. औषधपुरवठ्याच्या पाठ्यपुस्तकांतले सूत्र इथे लागू होते: एकूण वापराला सर्व महिन्यांनी भागायचे नाही, साठा असलेल्या महिन्यांनी भागायचे. साठा नसलेल्या दिवसांना 30.5 ने भागून ते महिने वजा करायचे. 61 दिवसांचे दोन महिने झाले, उरले चार, आणि सरासरी आली 300.

पुष्कळ जण इथेच थांबतात. पण या सूत्रात एक गृहीतक आहे: साठा नसलेले दिवस इतर दिवसांसारखेच होते. ओआरएसच्या बाबतीत ते बहुधा खोटे ठरते. पाणीटंचाईत गढूळ पाणी पोटात जाते, पहिल्या पावसात विहिरी दूषित होतात, आणि अतिसाराचे रुग्ण वाढतात तेव्हाच पाकिटे संपतात. जे दिवस आपण हिशेबातून वगळतो, तेच सर्वाधिक मागणीचे असतात.

म्हणून दुसरी नोंदवही उघडावी लागते, बाह्यरुग्ण विभागाची. औषध असो वा नसो, तिथे निदान लिहिले जाते. आपल्या उदाहरणात पहिल्या चार महिन्यांत अतिसाराचे 600 रुग्ण आले, म्हणजे रुग्णामागे दोन पाकिटे गेली. मे-जूनमध्ये 480 रुग्ण आले. दोनच्या हिशेबाने त्यांना 960 पाकिटे लागली असती. सहा महिन्यांची खरी मागणी 2,160 झाली, महिन्याला 360. एकाच केंद्राचे हे तीन आकडे पाहा: 200, 300 आणि 360. पहिला आकडा मागणीपत्रात गेला, तर पुढच्या वर्षी याच सहा महिन्यांसाठी पुन्हा 1,200 च पाकिटे येतील, पुन्हा एप्रिलअखेर संपतील, आणि नोंदी मात्र सांगतील की अंदाज बरोबर होता.

इथे दोन सावधगिऱ्या आहेत. पहिली, साठा आटू लागला की आपण हात आखडतो. दोन पाकिटांच्या जागी एक देतो. त्या दिवसांत शिल्लक शून्य नसते, तरीही मागणी कापली गेलेली असते. शून्याच्या आधीच्या आठवड्यांत रुग्णामागची पाकिटे घटलेली दिसली, तर तो काळही टंचाईचा धरावा आणि रुग्णामागचे प्रमाण भरपूर साठ्याच्या दिवसांवरूनच काढावे.

दुसरी सावधगिरी अधिक अवघड आहे. औषध नाही ही बातमी गावात पसरली की रुग्ण येणेच थांबते. मग 480 हा आकडाही कमीच असतो. त्याची खूण अशी, की शेजारच्या साठा असलेल्या केंद्रांत अतिसाराचे रुग्ण वाढलेले दिसतात आणि आपल्याकडे मात्र घटलेले. अशा वेळी शेजारच्या केंद्रांत जानेवारी-एप्रिलपेक्षा मे-जूनमध्ये महिन्याची रुग्णसंख्या जितक्या पट झाली, तीच पट आपल्या जानेवारी-एप्रिलच्या मासिक रुग्णसंख्येला लावावी. अर्धे वर्ष औषधच नसेल, तर स्वतःच्या वापराच्या नोंदीवर विसंबू नये; लोकसंख्या आणि आजाराचे प्रमाण यांवरून गरज काढावी.

आणि 360 ही सरासरी पुढच्या सहा महिन्यांना सरसकट लावू नका. दुरुस्त केलेला प्रत्येक महिना त्याच्या जागी लिहा आणि मगच ऋतुमानाप्रमाणे अंदाज करा.

हे सगळे एका साध्या नोंदीवर उभे आहे. साठा कोणत्या तारखेला संपला आणि कोणत्या तारखेला परत आला, हे लिहिले नसेल तर नंतर कोणतेही गणित ती मागणी परत मिळवून देऊ शकत नाही. म्हणून माझी आपल्याला विनंती आहे: या वर्षीच्या मागणीपत्रात मागील वापराशेजारी साठा नसलेल्या दिवसांचा रकाना स्वतः आखा, आणि तो भरल्याशिवाय त्यावर सही करू नका.