चोवीस उमेदवार, एक मूळ

मागच्या भागाखाली काही जणांनी लिहिलं होतं, की आजोबा, एका वेळी एकच गोष्ट घ्या, पण ती पुरती सांगा. म्हणून आज एकच गोष्ट घेतो.

मी इथे दिल्लीत, आर. के. पुरममध्ये राहतो. फौजेतून निवृत्त झाल्यापासून रविवारी सकाळी आजूबाजूच्या सरकारी क्वार्टर्समधली चार-पाच मुलं माझ्याकडे गणित घेऊन येतात. मी काही गणिताचा प्राध्यापक नाही. बी.एस्सी.ला जे शिकलो, तेवढंच भांडवल. एका रविवारी वरच्या मजल्यावरची अकरावीतली मुलगी वही घेऊन आली. तिचे आईवडील सांगलीकडचे. वहीत हे समीकरण होतं:

x³ - ७x² + x - ७२ = ०

प्रश्न असा, की याची पूर्णांक मुळं शोधा. शाळेत शिकवलेलं तिला पाठ होतं. पूर्णांक मूळ असेल तर त्याने शेवटच्या स्थिर पदाला, म्हणजे ७२ ला, निःशेष भाग गेला पाहिजे. ७२ चे विभाजक १, २, ३, ४, ६, ८, ९, १२, १८, २४, ३६ आणि ७२. हे झाले बारा. प्रत्येकाचा ऋण भाऊ धरला की चोवीस. ती म्हणाली, "आजोबा, चोवीस वेळा किंमत घालून बघायची का? ३६ चा घन करायचा म्हणजे पान भरेल."

मी म्हटलं, "थांब पोरी. ७२ हा आकडा आला कुठून, ते आधी सांग." ती म्हणाली, "स्थिर पद." बरोबर. पण तो आणखी एक आकडा आहे. x च्या जागी ० घातला की जी किंमत येते ती -७२. म्हणजे शाळेचा नियम खरं तर f(०) बद्दल बोलतो. मग f(१) ला का विचारू नये? f(-१) ला का विचारू नये? आजचा सगळा विषय एवढ्यातच आहे.

आता मूळ गोष्ट सांगतो. ज्या बहुपदीचे सगळे सहगुणक पूर्णांक आहेत, तिच्यात a आणि b हे कुठलेही दोन वेगळे पूर्णांक घाला. f(a) - f(b) ला a - b ने निःशेष भाग जातोच.

कसा, ते बघा. वजाबाकी केली की स्थिर पद दोन्हीकडचं सारखं असल्यामुळे उडून जातं. उरतात a - b, a² - b², a³ - b³ अशा वजाबाक्या, प्रत्येक आपापल्या सहगुणकाने गुणलेली. a² - b² म्हणजे (a - b)(a + b). a³ - b³ म्हणजे (a - b)(a² + ab + b²). पुढच्या घातांचंही तसंच, प्रत्येक वेळी (a - b) बाहेर निघतो. कंसात जे राहतं ते पूर्णांक, सहगुणकही पूर्णांक. म्हणून सगळ्या बेरजेत (a - b) हा अवयव असतो. सिद्धता संपली. सहगुणक पूर्णांक असल्याचा आपण इथे वापर केला, हे मात्र ध्यानात ठेवा. पुढे मला त्याचीच ठेच लागलेली आहे.

आता a च्या जागी मूळ r घ्या. f(r) शून्य आहे. b च्या जागी आपल्याला हवा तो पूर्णांक k घ्या. मग निघतं ते असं: r - k ने f(k) ला निःशेष भाग गेला पाहिजे. k = ० घेतला की शाळेचा नियम. k = १ घेतला तर r - १ ने f(१) ला भाग गेला पाहिजे. k = -१ घेतला तर r + १ ने f(-१) ला.

f(१) काढायला कष्ट नाहीत, सहगुणकांची बेरीज करायची. १ - ७ + १ - ७२ = -७७. ७७ चे विभाजक फक्त १, ७, ११, ७७ आणि त्यांचे ऋण. r - १ यांपैकीच एक असायला हवा. म्हणजे r असू शकतो २, ०, ८, -६, १२, -१०, ७८ किंवा -७६. यांपैकी ७२ चे विभाजक कोणते? २, ८, -६ आणि १२. चोवीसचे चार झाले, तेही एका ओळीच्या बेरजेवर.

आता दुसरा नाका, f(-१). -१ - ७ - १ - ७२ = -८१. इथे r + १ ने ८१ ला भाग गेला पाहिजे. २ साठी ३, चालतो. ८ साठी ९, चालतो. -६ साठी -५, नाही चालत. १२ साठी १३, नाही चालत. उरले दोन, २ आणि ८.

वहीत बघून मुलगी म्हणाली, "म्हणजे उत्तर २ आणि ८." आणि इथेच बहुतेक जण चुकतात. नाक्यावर ओळखपत्र तपासून सोडलेला माणूस आपलाच आहे, हे सिद्ध होत नाही. त्याला अडवायला कारण सापडलं नाही, एवढंच सिद्ध होतं. जो अडला तो नक्की मूळ नाही. जो सुटला त्याची किंमत घालून बघावीच लागते. २ घातला: ८ - २८ + २ - ७२ = -९०. मूळ नाही. ८ घातला: ५१२ - ४४८ + ८ - ७२ = ०. मूळ आहे. (x - ८) ने भागलं की उरतं x² + x + ९, आणि त्याला वास्तव मुळंच नाहीत. म्हणजे चोवीसातला एकच खरा.

२ हा असा दोन्ही नाके चुकवून आला होता. तिसरा नाका f(-२) लावला असता तर? f(-२) = -८ - २८ - २ - ७२ = -११०. २ साठी r + २ म्हणजे ४, आणि ४ ने ११० ला भाग जात नाही. तिथे तो अडला असता. ८ साठी १०, तो आरामात जातो. किती नाके लावायचे ते आकडे बघून ठरवा. उरलेले उमेदवार दोनच आणि लहान असतील तर सरळ किंमत घाला. मोठे असतील तर आणखी एक नाका स्वस्त पडतो.

ही युक्ती नवी नाही. न्यूटनच्या बीजगणिताच्या पुस्तकात, जे १७०७ साली छापलं गेलं, तो अवयव शोधायला हेच करतो. x च्या जागी १, ०, -१ घालायचे, आलेल्या किमतींचे विभाजक एकाखाली एक लिहायचे, आणि एकेकाने वाढत जाणारी रांग शोधायची. आपल्या उदाहरणात ती रांग ७, ८, ९ आहे. ७ ने ७७ ला, ८ ने ७२ ला, ९ ने ८१ ला भाग जातो. २ ची रांग १, २, ३, तीही पूर्ण होते. म्हणून तर तो फसवतो.

आता याच गोष्टीचा एक छोटा भाऊ. f(१) = -७७ ही विषम संख्या आहे. विषम संख्येचे सगळे विभाजक विषम. म्हणून r - १ विषम, म्हणून r सम. एवढ्यावरच ३, ९, १ यांची छुट्टी झाली होती. आता समजा f(०) सुद्धा विषम असता, तर r ला विषम असणंही भाग पडलं असतं. एकच संख्या सम आणि विषम दोन्ही असू शकत नाही. म्हणून नियम असा: f(०) आणि f(१) दोन्ही विषम असतील तर पूर्णांक मूळ एकही नाही. घात कितीही मोठा असो, हे दोन आकडे तोंडी निघतात.

३ चंही असंच आहे. f(०), f(१), f(२) यांपैकी एकालाही ३ ने भाग जात नसेल, तर पूर्णांक मूळ नाही. कारण r ला ३ ने भागल्यावर बाकी ०, १ किंवा २ यांपैकी काहीतरी येणारच. ती बाकी k म्हटली तर r - k ला ३ ने भाग जातो, आणि म्हणून f(k) लाही जायलाच हवा.

आता माझी ठेच. हा सम-विषमाचा नियम मुलांना दाखवताना मी फळ्यावर घाईत एक उदाहरण लिहिलं:

f(x) = ½x² - ½x - १

f(०) = -१. f(१) = -१. दोन्ही विषम. मी रुबाबात जाहीर केलं, "पूर्णांक मूळ नाही." मागे बसलेला नववीतला मुलगा हळूच म्हणाला, "आजोबा, २ घाला ना." घातला. २ - १ - १ = ०. मूळ होतं! आणि -१ सुद्धा मूळ होतं.

मुलं हसली, मीही हसलो, पण आतून लाज वाटली. काय झालं होतं? सहगुणक पूर्णांक नव्हते. अपूर्णांक आला की a - b ने भाग जाण्याची हमीच संपते. इथे २ ने f(०) ला, म्हणजे -१ ला, भाग जात नाही, तरी २ मूळ आहे. चुकीच्या नाक्याने खऱ्या माणसाला परत पाठवलं. उपाय सोपा आहे. आधी सगळ्याला २ ने गुणा: x² - x - २. मुळं तीच राहतात, सहगुणक पूर्णांक होतात. आता f(०) = -२, f(१) = -२, आणि २ ने व १ ने भाग नीट जातो. म्हणून पहिलं काम हेच: सहगुणक बघा, छेद असतील तर आधी घालवा.

आणखी दोन गोष्टी सांभाळा. f(k) शून्य आला तर त्या नाक्यावर कुणीच अडत नाही, कारण शून्याला सगळ्यांनी भाग जातो. पण मग k स्वतःच मूळ आहे. (x - k) ने भागून उरलेल्या बहुपदीवर नव्याने काम करा. दुसरं, पूर्णांक मूळ नाही म्हणजे मूळच नाही असं समजू नका. x³ + x + १ मध्ये f(०) = १, f(१) = ३, दोन्ही विषम. पूर्णांक मूळ नाही. पण f(-१) = -१ आहे, म्हणजे -१ आणि ० यांच्या मध्ये ते शून्यातून जातं. तिथे मूळ आहे, फक्त ते पूर्णांक नाही.

आता तुमच्यासाठी एक:

x³ - ५x² - x - ३० = ०

३० चे सोळा उमेदवार आहेत. f(१) आणि f(-१) काढलेत की दोन उरतील, त्यातला एक फसवा. त्याला किंमत न घालता अडवायचं असेल तर f(२) वर नाका लावा. वरच्या मजल्यावरच्या मुलीने हे चार ओळींत केलं. तुमच्या किती ओळी लागल्या ते कळवा. पुढच्या रविवारी भेटू. नमस्कार.