नाव, काम आणि परिणाम



नवं ॲप बाजारात येतं.
टीमच्या ग्रुपवर संदेश झळकतो, "कमाल केलीत!"
आनंद खरा असतो.
पण कोणी काय केलं, हे त्यात नसतं.

तोच संदेश असा लिहिता येतो:
"पैसे दोनदा कापले जाण्याची चूक चाचणी विभागानं आदल्या रात्री पकडली.
ग्राहकांचा मनस्ताप टळला."
काम आलं, परिणामही आला.
वार्षिक मूल्यमापनात ही ओळ जशीच्या तशी जोडता येते.

मात्र नावही हवं.
१९८४ साली ॲपलचा मॅकिंटॉश संगणक आला.
त्याच्या कव्हरच्या आत, तो घडवणाऱ्यांच्या सह्या उमटवलेल्या होत्या.

म्हणून संदेशात नाव, काम आणि परिणाम.
सर्व्हर सांभाळणारे आणि ग्राहकांचे फोन घेणारे हमखास राहून जातात.
पाठवण्याआधी त्यांची नावं तपासून घ्यावीत.